ताई, राखी बांधली बघ

सकाळी कॉल मधेच कट झाला आणि मग तू कामात, म्हणून आता लिहितोय, तिकडे रात्रीचा दीड वाजला असेल, उठल्यावर वाच निवांत.

राखी मंगळवारीच पोचलेली पण आईनं देवाजवळ ठेवली आणि मला हात लावू देईना. सकाळी तुझ्या वतीनं तिनंच बांधली. फोटोत गाठ बघून हसू नकोस, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला बारीक दोरा नीट धरवत नाही, शेजारच्या वहिनींना बोलावतो म्हटलं तर ऐकते होय, दोनदा सुटली आणि तिसऱ्यांदा चक्क दातानं ओढून घट्ट केली, आता आंघोळीलाही निघत नाही. नारळी भातात गूळ लई झाला होता, तुझ्या वाटचा पण मीच खाल्ला.

पाण्याची काळजी करू नकोस, यंदा कृष्णामाई पात्रातच आहे. पण आज आयर्विनवरून येताना 2019 आठवलंच. राखीपौर्णिमा 15 ऑगस्टला होती आणि आम्ही मिरजेला मावशीकडे, अंगावरच्या कपड्यांनिशी. तू मेलबर्नवरून तासातासाला विचारायचीस, आयर्विनला किती फूट झालं, आणि 57 च्या वर गेलं तेव्हा मी फोन न उचलता नुसतं 'ठीक आहे' टाकलेलं. त्या वर्षी तुझी राखी गणपतीत आली, भिंतींचा चिखल खरवडताना हातात तीच होती, रंग पार गेलाय तिचा पण गाडीच्या किल्लीला अजून आहे.

एक सांगायचं राहिलंय ताई. तुझी चित्रांची वही, ती निळ्या पुठ्ठ्याची, तू दरवेळी म्हणतेस माळ्यावर असेल, पुढच्या वेळी आले की काढू. ती माळ्यावर नाहीये गं. तुझ्या कपाटात खालच्या कप्प्यात होती, मला माहीत होतं, पाणी अंगणात आलं तेव्हा घरात शेवटचा मीच होतो आणि मी माझा लॅपटॉप उचलला. नंतर कपाट उघडलं तर नुसता लगदा. आईला माहितीय, तीच म्हणाली सांगू नको, लांब आहे, रडत बसेल. दरवर्षी राखीला सांगायचं ठरवतो आणि मग तू ओवाळणीवरून भांडायला लागतेस आणि राहून जातं.

ओवाळणी तुझ्या इथल्या खात्यात टाकलीय, 2101, परत पाठवलीस तर बघ. पेढे तिकडे चालत नाहीत, दुधाचं एअरपोर्टवरच काढून घेतात म्हणे, नाहीतर मित्र येतोय पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे किलोभर दिले असते. पिल्लूला मामाचा पापा.

उठलीस की फोन कर. आधी मला कर, आईला नंतर.