विषय: काका गेल्याचे कळले

प्रिय मंदार,

काका गेल्याचे आज सकाळी निखिलकडून कळले. फोन मुद्दामच केला नाही. घरात माणसांची ये-जा असेल आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच पुन्हा सांगताना जीव थकतो, म्हणून लिहीत आहे. उत्तर देण्याची आवश्यकता नाही.

काकांना मी फारशी भेटले नाही, पण गणपतीत तुमच्या नौपाड्याच्या घरी आम्ही आलो होतो ती दुपार चांगली लक्षात आहे. वागळे इस्टेटमधला कारखाना सुटून कितीतरी वर्षे झाली होती, तरी त्यांनी आपला व्हर्निअर कॅलिपर तेलाचा हात फिरवून, फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळून कपाटात जपला होता. माझ्या मुलाला तो हातात देऊन त्यांनी रुपयाचे नाणे मोजायला लावले, आणि त्याने आकडा सांगितल्यावर तो बरोबर की चूक हे न बोलता, "घाई नाही, परत एकदा बघ," एवढेच म्हणाले. तुम्ही प्रत्येक बिल दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय पुढे पाठवत नाही, ते कुठून आले हे मला त्या दिवशी समजले. मुलाला आज सांगितले तेव्हा त्याने पहिल्यांदा त्या कॅलिपरचीच आठवण काढली.

गेले काही महिने तुम्ही संध्याकाळी ऐरोलीहून ठाण्याची गाडी पकडून परस्पर रुग्णालयात जात होता आणि सकाळी पुन्हा जागेवर असायचात. त्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत, पण आम्हा सगळ्यांना ते दिसत होते.

कामाची काळजी डोक्यात राहू नये म्हणून सांगते. २० तारखेचे GSTR-3B निखिल आणि मी भरणार आहोत, ऑडिटरांना माझा नंबर दिला आहे, आणि रजेचे साहेबांशी बोलून झाले आहे; अर्ज परत आल्यावर दिलात तरी चालेल. लॅपटॉप उघडू नका.

आणखी एक, जे आत्ता लिहिताना अवघड वाटते, पण माझे वडील गेले तेव्हा कुणी वेळेवर सांगितले असते तर बरे झाले असते: मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती महापालिकेतून थोड्या जास्तच घ्या. बँक, पेन्शन, विमा, सोसायटी, जो तो मूळ प्रत मागतो, आणि त्या फेऱ्यांमध्ये काकूंनाही सह्यांसाठी सोबत न्यावे लागते. या कामासाठी कुणी बरोबर हवे असेल तर मी सुट्टी टाकून येईन. हे मनापासून सांगते आहे.

शनिवारी सकाळी काकूंना भेटायला येते. चहापाण्याचे काही पाहू नका. त्या दिवशी कुणी नको असे वाटले, तर निखिलला तेवढे कळवा; मी नंतर येईन.

अनघा