पाटलीचा कस

गुजरीतलं आमचं सोन्याचं दुकान एवढंसं. नानांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्या मे महिन्यात त्यांनी मला शेजारी बसवलं आणि कसोटीचा काळा दगड हातात दिला.

"घास. जोर लावू नको. नखाएवढा पट्टा उठला की बास."

पंधरा दिवस मी नुसते कस ओढले. नमुन्याच्या सळ्या होत्या : २४, २२, २०, १८, १४. तांबं जास्त असलं की कस लालसर उठतो, चांदी असली की हिरवट फिका. मी आकडे पाठ करू लागले, तर नाना वैतागले. "पाठ काय करतीस? दागिन्याचा कस ओढ, त्याला चिकटून सळीचा ओढ, आणि दारातल्या उजेडात धर. एकटा कस नेहमी चांगलाच दिसतो."

वर नायट्रिकचा थेंब. पितळ असेल तर पट्टा हिरवट फेसाळून नाहीसाच होतो. मला तेच आवडायचं. १८ आणि २२ मधला फरक मात्र नुसत्या नायट्रिकला कळत नाही. त्याची बाटली वेगळी, आणि तिला हात लावायची मला मनाई.

पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. एका अंगठीचा कस नेमका सांध्यावर ओढला आणि गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं म्हणाले, "१६." माणूस उठून गेला. सांध्यात डाक असतो, तिथं सोनं हलकंच लागणार. नाना ओरडले नाहीत. त्या दिवसापासून आकडा चिठ्ठीवर लिहायचा, एवढंच ठरलं.

मग कागलच्या एक आजी पाटल्या मोडायला आल्या. नातवाची फी भरायची होती. आत शिक्का होता, झिजलेला, पण आमचाच. पणजोबांच्या वेळचा.

सांधा सोडून मी तीन ठिकाणी घासलं. २२ च्या सळीशेजारी तिन्ही कस फिके. २० शी जुळले. जरा कानस मारून आतलंही घासलं. तेच. चिठ्ठीवर '२०' लिहिताना पेन अडखळलं.

नानांनी चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात घातली. दगड दारापाशी नेला, डोळ्याजवळ धरला. दुसऱ्या बाटलीतला थेंब टाकला. बराच वेळ उभे होते.

परत येऊन त्यांनी वजन केलं आणि २२ च्या भावानं हिशेब मांडला. आजींनी पैसे दोनदा मोजले, पिशवीत ठेवले, पाणी पिऊन गेल्या.

"नाना, पण..."

"मेण दे."

मेणाची गोळी दाबत त्यांनी दगडावरचे दिवसभराचे कस उचलले. आम्ही तेवढंही सोनं सोडत नाही. पाटलीच्या कसापाशी हात थांबला.

"हे राहू दे," म्हणाले. "दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली की परत बघतो."