डिपॉझिटच्या हिशेबाबद्दल

काकाजी, नमस्कार. काल रात्री तुम्ही हिशेबाचा स्क्रीनशॉट पाठवला, तो सकाळी नीट पाहिला. आधी बेरजेचं सांगतो. लाइट बिल १,१४०, तोट्या ६५०, सफाई ५००, प्लास्टर २,८०० आणि रंग ५,५०० मिळून १०,५९० होतात. खाली ११,५९० लिहिले आहेत. घाईत झालं असेल.

लाइट बिल माझंच, ते कापा. सफाईचे ५०० पण कापा, त्यावर वाद घालत नाही. खरं म्हणजे निघायच्या दिवशी बायकोने दोन्ही खोल्या धुऊन दिल्या होत्या, काकू ओट्यावरच बसल्या होत्या. तोट्यांपैकी स्वयंपाकखोलीतली माझ्या हातून तुटली, तिचे ३२५ देणं लागतो. न्हाणीतली मात्र बोअरच्या खाऱ्या पाण्याने खाल्ली. आपल्या दर्यापूरकडे कोणती तोटी टिकते, सांगा?

प्लास्टर मला मान्य नाही. मधल्या खोलीत पलंगामागची भिंत खालून अडीच फूट पोपडे सोडते. झाडू फिरवला की पिठासारखी पांढरी भुकटी खाली पडते. तो लोणा आहे. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि मीठ वर आणते. मी राहायला आलो त्या दिवशी, ११ जून २०२३ ला, पंखा बंद होता म्हणून तुम्हाला फोटो पाठवला होता. त्यात पंख्याखाली हाच डाग दिसतो. तेव्हा तुम्हीच लिहिलं होतं, "भिंतीचं मनावर घेऊ नका, खारपाणपट्ट्यात असंच असते." दोन्ही मेसेज अजून आहेत, खाली परत पाठवतो.

रंगाचंही तसंच. घराला शेवटचा रंग ताईच्या लग्नात, २०२१ मध्ये दिला, हे तुमच्याच तोंडून ऐकलं. म्हणजे मी आलो तेव्हाच तो दोन वर्षांचा होता, त्यावर माझे २२ महिने गेले. पुढच्या किरायेदारासाठी नवा रंग द्या, पण पूर्ण घराचा खर्च माझ्यावर कसा? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही, कलम १०८ मध्ये, नेहमीच्या वापराने होणारी झीज किरायेदाराने भरून द्यायची नाही असंच आहे. कायदा काढायचा नव्हता, पण ५,५०० चा आकडा पाहून काढावा लागला. कॅलेंडर आणि देवाच्या फोटोसाठी मारलेल्या चार खिळ्यांची भोकं माझी आहेत, ती बुजवायचे ३०० घ्या.

म्हणजे १,१४०, ३२५, ५०० आणि ३०० मिळून २,२६५ कापायचे. १५,००० मधून १२,७३५ राहतात. किराया ज्या फोनवरून पाठवत होतो त्याच नंबरवर १० तारखेपर्यंत टाका. एकदम जमत नसेल तर दोन हप्त्यांत चालेल, फक्त तसं लिहून कळवा.

रविवारी सिलिंडरचं कार्ड न्यायला येतोच आहे. तुमच्या मिस्त्रीला बोलवून ठेवा, भिंतीजवळ उभे राहूनच बोलू. काकूंना नमस्कार.