स्टॉकमोजणी, रविवार २९ मार्च २०२६ : मकरपुरा गोदामासाठी कामाची पद्धत

वडोदरा, मकरपुरा जीआयडीसी
सर्व मोजणी पार्ट्या, भांडार, गेट, बिलिंग आणि लेखा विभागासाठी

मोजणी २९ तारखेला आणि ताळेबंद ३१ तारखेचा आहे. मधल्या सोमवार-मंगळवारची आवक-जावक कागदांवरून जोडून-वजा करून ३१ मार्चचा साठा काढायचा आहे. तो आकडा रविवारच्या मोजणीइतकाच खरा ठरेल. म्हणून पुस्तकातला आकडा मोजणाऱ्याच्या कानावर पडता कामा नये. भांडारातला अनुभवी माणूस मदतीच्या भावनेने "साहेब, यात चारशे असायला हवेत" असं म्हणतो आणि मोजणारा चारशेपाशी थांबतो. अशा मोजणीने काहीच सिद्ध होत नाही. रविवारी कोणत्याही टॅगवर, यादीवर किंवा मोबाइलवर पुस्तकी शिल्लक दिसता कामा नये.

आठवड्याभरातली तयारी

बुधवारी, २५ तारखेला, सर्व ट्रान्सपोर्टवाल्यांना आणि मोठ्या पुरवठादारांना कळवा की शनिवारी दुपारी ४ नंतर माल उतरवला जाणार नाही आणि गेट सोमवारी उघडेल. ई-वे बिलाची मुदत साधारण दर २०० किलोमीटरला एक दिवस असते. मुंबई-पुण्याकडून निघणारी गाडी आपल्या गेटवर दीड दिवस अडकली तर मुदतीचा प्रश्न उभा राहतो. तो वाद गेटवर नको, फोनवरच मिटवा.

शुक्रवारपर्यंत भांडाराने एकच वस्तू शक्यतो एकाच जागी आणावी, फुटलेले खोके पुढे आणि सीलबंद मागे ठेवावेत. नाकारलेला माल, नमुने, दुरुस्तीसाठी आलेला ग्राहकाचा माल आणि बिल झालेला पण न उचललेला माल पिवळ्या दोरीच्या आत वेगळा करावा. ग्राहकाचा माल आपल्या साठ्यात मोजला गेला की जादा दिसतो. बिल झालेला माल मोजला तर विक्री आणि शिल्लक असा दोनदा धरला जातो. जॉबवर्कला बाहेर गेलेल्या मालाची यादी आणि समोरच्या पार्टीची सही-शिक्क्यासह पोच लेखा विभागाने शनिवारपर्यंत मागवावी.

दोन्ही वजनकाटे शनिवारी प्रमाणित वजनाने तपासा. नटबोल्टचे सगळे आकडे त्यांच्यावरच उभे असतात.

गोठवणी

शनिवार, २८ मार्च. दुपारी ४ वाजता आवक बंद, ५ वाजता इश्यू बंद, ६ वाजता बिलिंग बंद. ६ ते ७ या वेळेत लेखा विभागाचा माणूस आणि गेटचा माणूस मिळून गोठवणी रजिस्टर भरतील. त्यात शेवटचा आवक क्रमांक, शेवटचं डिलिव्हरी चलन, शेवटचं बिल, शेवटची इश्यू स्लिप आणि शेवटचा गेटपास लिहायचा. प्रत्येकाच्या शेवटच्या पाच आणि पुढच्या पाच कोऱ्या प्रतींचे फोटो घ्यायचे. नंतर मागच्या तारखेचं चलन फाडलं गेलं तर या फोटोंवरूनच ते उघडं पडेल.

त्यानंतर सर्व प्रलंबित नोंदी सॉफ्टवेअरमध्ये चढवायच्या. माल गेला पण चलन चढलं नाही, किंवा माल उतरला पण आवक चढली नाही, हे फरकाचं सर्वांत सामान्य कारण आहे, आणि त्याला रॅकवर कितीही वेळा मोजून उत्तर सापडत नाही. रात्री ८ वाजता लेखा विभाग पुस्तकी शिल्लक छापून सीलबंद पाकिटात ठेवेल. पाकीट फोडायची वेळ रविवारी दुपारी ३ ची आहे, त्याआधी नाही.

रविवारी गाडी आलीच तर गेटवर नोंद करून बाहेरच्या आवारात उभी करा, माल उतरवू नका. एखाद्या ग्राहकाचं यंत्र बंद पडलं आणि बेअरिंग द्यावंच लागलं, तर ते फक्त नियंत्रण टेबलावरून, लाल स्लिपवर आणि लेखाप्रमुखांच्या सहीने द्यावं. ती वस्तू मोजण्याआधी गेली की नंतर, हे स्लिपवर वेळेसह लिहा. हे न लिहिल्यास ती वस्तू वजा करायची की नाही, ते संध्याकाळी कुणालाच सांगता येणार नाही.

टॅग

१४०० टॅग छापले आहेत, क्रमांक सलग. प्रत्येकाचे तीन भाग : पांढरा वस्तूवर राहतो, पिवळा पहिल्या मोजणीचा, गुलाबी फेरमोजणीचा. शनिवारी संध्याकाळी टॅग लावणारी पार्टी वस्तूचा कोड, वर्णन, जागा आणि मोजमापाचं एकक एवढंच लिहील, संख्या नाही. एका ठिकाणच्या एका वस्तूला एक टॅग. तीच वस्तू दोन रॅकवर असेल तर दोन टॅग.

टॅग बुकं क्रमांक लिहून, सही घेऊनच द्या. संध्याकाळी वापरलेले, रद्द आणि कोरे मिळून १४०० व्हायलाच हवेत. उदाहरणार्थ १२६३ वापरले, १९ रद्द, ११८ कोरे. एक टॅग कमी पडला तरी बेरीज सुरू करायची नाही, कारण हरवलेल्या टॅगवर एखादा अख्खा केबल ड्रम असू शकतो. चुकलेला टॅग फाडू नका. तिरपी रेघ मारून "रद्द" लिहा आणि परत द्या.

आकडे इंग्रजी अंकांतच लिहा. आपल्याकडे कुणी देवनागरी लिहितो, कुणी गुजराती, आणि दोन्ही लिप्यांतला एक घाईत इंग्रजी नऊसारखा आणि चार आठसारखा वाचला जातो. तोंडी सांगतानाही "सात" आणि "साठ" पंख्याच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. म्हणून अंक सुटे बोला : "सहा, शून्य". लिहिणाऱ्याने ते परत बोलून दाखवायचं, मगच पेन टेकवायचं.

पहिली मोजणी

सकाळी ७ वाजता सुरुवात. पत्र्याच्या शेडखाली दुपारी एकनंतर डोकं चालत नाही, तेव्हा वरच्या रॅक आधी संपवा. सहा पार्ट्या, प्रत्येकी दोन माणसं, एक मोजणारा आणि एक लिहिणारा. दोघेही भांडाराबाहेरच्या विभागातले. भांडाराचा माणूस शिडी धरेल, खोकं उघडेल, वस्तू ओळखून देईल. संख्या बोलणार नाही.

साडेनऊला सेव-उसळ येईल. अर्धा बिन मोजून उठू नका. हातातला टॅग पूर्ण करा, नाहीतर परत आल्यावर शून्यापासून मोजा.

वस्तूनुसार लक्षात ठेवायच्या गोष्टी :

बेअरिंग : ६२०५ झेडझेड आणि ६२०५ टू-आरएस दोन्ही २५ × ५२ × १५ मिलिमीटर, आणि खोकीही सारखीच दिसतात. एकाला पत्र्याचं झाकण, दुसऱ्याला रबरी सील. खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. प्रत्येक जागेवरचं किमान एक खोकं उघडून खूण पाहा. एकात १२ कमी आणि दुसऱ्यात १२ जादा निघाले, तर बहुधा घोळ इथेच झालेला असतो.

वायरची कॉइल : एकक मीटर आहे की नग, हे आधी टॅगवर पाहा. घरगुती वायरिंगच्या कॉइल ९० मीटरच्याही येतात आणि १०० च्याही. २० कॉइल १०० धरून लिहिल्या आणि त्या ९० च्या निघाल्या, तर २०० मीटर हवेतून तयार होतात. प्रत्येक कॉइलचं लेबल वाचा.

केबल ड्रम : अंदाज नको, वेटोळी मोजणंही नको. आवरणावर छापलेल्या मीटरच्या खुणा वापरा. बाहेरच्या टोकावर ०७६४ आणि आतल्या टोकावर ०३५२ असेल तर ड्रमवर ४१२ मीटर. आतलं टोक दिसत नसेल तर टॅगवर तसं लिहा. तो ड्रम उलगडून मोजला जाईल.

नटबोल्ट : वजनाने मोजायचे. आधी १०० नग हाताने मोजून त्यांचं वजन घ्या. समजा ४.१० किलो, म्हणजे एक नग ०.०४१ किलो. बिनसकट वजन ३७.२० किलो, रिकाम्या बिनचं २.३५ किलो, निव्वळ ३४.८५ किलो. भागाकार ८५०. नमुना वजन आणि बिनचं वजन टॅगच्या मागे लिहा, म्हणजे फेरमोजणीवाला हिशोब तपासू शकेल. दहा नगांचा नमुना चालणार नाही. काट्याची बारीक चूक गुणली जाऊन मोठी होते.

सीलबंद खोकी : खोके गुणिले नग. पण दर दहांत एक उघडा, आणि थप्पीच्या मधलं एखादं काढून पाहा. मागची रांग पोकळ असते, हे थप्पीच्या समोर उभं राहून कळत नाही.

संपूर्ण रॅक झाल्यावर पिवळे भाग लगेच नियंत्रण टेबलावर. खिशात ठेवून पुढच्या रॅकवर जाऊ नका.

फेरमोजणी

पहिल्या पार्टीचे पिवळे भाग जमा झाल्यावरच दुसरी पार्टी त्या रॅकवर जाईल, आणि रॅकच्या उलट्या टोकापासून सुरू करेल. दोन्ही पार्ट्यांत एकही माणूस सामाईक नको. मोजायचं काय :

अ गटातली प्रत्येक वस्तू. ब आणि क गटांतल्या २० टक्के, लेखापरीक्षकांनी निवडलेल्या. निवडीची यादी आधी जाहीर होणार नाही.

दोन मोजण्या न जुळल्यास तिसरी पार्टी मोजेल. तिला आधीचे दोन्ही आकडे सांगायचे नाहीत. सरासरी काढणं वर्ज्य आहे. ३०० आणि ३१० यांची सरासरी ३०५, आणि ३०५ नग कुणीच पाहिलेले नाहीत.

फरक आणि मंजुरी

३ वाजता पाकीट फोडून तुलना. दोन स्वतंत्र मोजण्या जुळत असतील आणि पुस्तक वेगळं असेल, तर पुन्हा पुन्हा मोजत बसू नका. कागद तपासा. क्रम असा : गोठवणीच्या आसपासची चलनं, एककाची चूक, सारख्या दिसणाऱ्या वस्तूंची अदलाबदल, प्रलंबित परतावा, दुसरं स्थान. वरच्या ड्रमचंच पाहा : पुस्तकात ४३७, जागेवर ४१२, फरक २५ मीटर. २५ मीटरची इश्यू स्लिप न चढवलेली सापडली तर ती नोंद दुरुस्त होईल, फरक लिहिला जाणार नाही.

सहनमर्यादा : अ गटात शून्य, ब गटात अर्धा टक्का, वजनाने मोजलेल्या क गटात एक टक्का. मर्यादेबाहेरच्या प्रत्येक ओळीला लेखी कारण हवं. "मोजणीतील फरक" हे कारण नव्हे.

मंजुरीसाठी ओळीची खरेदी किंमत पाहायची, कमी-जादा दोन्ही सारखेच धरून : ५,००० रुपयांपर्यंत लेखाप्रमुख, ५०,००० पर्यंत लेखाप्रमुख आणि व्यवस्थापक दोघे, त्यावर संचालक. भांडारप्रमुखांना कारण लिहायचं आहे, मंजुरी द्यायची नाही. ज्याच्या ताब्यात माल, त्यानेच त्याची तूट माफ करणं बरोबर नाही. कमी आणि जादा एकमेकांत वळते करून निव्वळ आकडा मंजुरीला पाठवू नका, एक मोठा फरक दोन ओळींत तोडूही नका. वस्तूंच्या एखाद्या वर्गात एकूण फरक १० टक्के किंवा जास्त असेल, तर वैधानिक लेखापरीक्षकांना कारो अहवालात तो नोंदवावा लागतो. ती यादी त्यांना त्याच संध्याकाळी द्या.

तूट लिहून टाकताना हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट कलम १७(५)(एच) प्रमाणे उलटवावं लागतं. म्हणून मंजूर तुटीच्या प्रत्येक ओळीसमोर कराची रक्कम लिहा. दुरुस्तीची नोंद २९ मार्चच्या तारखेने, मंजुरीच्या कागदाचा क्रमांक टाकूनच करायची. नोंद झाल्यावर २९ तारखेपूर्वीच्या साठा-नोंदी सॉफ्टवेअरमध्ये बंद करा.

मंजुरी रविवारी पूर्ण न झाल्यास त्या वस्तूंना लाल पट्टी लावून इश्यू रोखा. बाकीचं गोदाम सोमवारी सकाळी ८ ला, लेखाप्रमुखांची लेखी सूचना गेटवर पोचल्यावर उघडेल. पिवळे आणि गुलाबी भाग, गोठवणी रजिस्टर, फोटो आणि मंजुरीचे कागद एकाच फाइलमध्ये लावून लेखा विभागाच्या कपाटात. जीएसटीनुसार ही कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची आहेत.