कराराच्या मूलभूत भंगाबद्दल नोटीस : १५ दिवसांत दुरुस्ती, अन्यथा करार समाप्त

दि. २४ नोव्हेंबर २०२५
मांद्रे, ता. पेडणे, गोवा

प्रति,
श्री. दामोदर परब, मालक
शुभ्रकमळ लाँड्री, थिवी औद्योगिक वसाहत, ता. बार्देश, गोवा

(हाती देऊन सही घेऊन, शिवाय पोचपावतीसह स्पीड पोस्टाने आणि करारात नोंदलेल्या ईमेलवर)

विषय : दि. १ एप्रिल २०२४ च्या कपडे धुलाई सेवा कराराच्या कलम १४.२ खालील नोटीस

श्री. परब यांस,

मूळ करार इंग्रजीत आहे, पण आपला पत्रव्यवहार पहिल्या दिवसापासून मराठीत होत आला, म्हणून ही नोटीसही मराठीत देत आहोत. अर्थाबद्दल वाद झाल्यास करारातील इंग्रजी मजकूर ग्राह्य धरावा.

१. उंडीबन कॉटेजेस (यापुढे ‘आम्ही’) या भागीदारी संस्थेच्या ३८ खोल्यांतील चादरी, अभ्रे व टॉवेल रोज सकाळी १० पर्यंत उचलून २४ तासांत धुऊन, इस्त्री करून परत देण्याचे काम आपण ३१ मार्च २०२७ पर्यंत घेतले आहे. हंगामात या कामाला वेळेचे बंधन किती घट्ट असते, हे करार करतानाच बोलून झाले होते. म्हणूनच कलम ४.१ मध्ये ‘वेळ हा कराराचा गाभा आहे’ असे स्पष्ट लिहिलेले आहे.

२. चतुर्थीच्या आठवड्यात आपले कामगार गावी गेले होते. त्या दिवसांतील उशिराची तक्रार या नोटिशीत घेतलेली नाही. सणाला माणूस घरी जाणारच. पुढील तीन गोष्टी मात्र सणाच्या नाहीत.

३. उशीर. १ ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर या ५१ दिवसांत १९ दिवस माल २४ तासांनंतर आला. त्यांपैकी ७ दिवस ४८ तासही उलटून गेले. १ नोव्हेंबरला, शनिवारी, दुपारी एकपर्यंत एकही गठ्ठा आला नव्हता आणि २३ खोल्यांत नवे पाहुणे यायचे होते. त्या वेळी आम्ही म्हापशातून जादा दराने धुलाई करून घेतली (रु. ३८,६४०) आणि तीन पाहुण्यांना भाड्यातील रु. २७,५०० परत केले. बिले व पावत्या आमच्याकडे आहेत.

४. तूट. दोन्ही बाजूंच्या सह्यांच्या चलनांवरून १० सप्टेंबर ते २० नोव्हेंबर या काळात ६४ चादरी, ९१ उशीचे अभ्रे आणि ११८ अंघोळीचे टॉवेल परत आलेले नाहीत. करारातील परिशिष्टाच्या दराने (चादर रु. ८५०, अभ्रा रु. १८०, टॉवेल रु. ४२०) ही रक्कम रु. १,२०,३४० होते. कलम ५.३ मध्ये महिन्याला अर्धा टक्का तूट गृहीत धरलेली आहे. वरील आकडे ती सूट वजा करूनचे आहेत.

५. परस्पर दुसरीकडे काम देणे. हा सर्वांत गंभीर भंग आहे. कलम ६.२ प्रमाणे आमच्या लेखी संमतीशिवाय माल अन्य कोणाकडे देता येत नाही. ९ नोव्हेंबरला आलेल्या गठ्ठ्यांत दुसऱ्या हॉटेलचे नाव विणलेले अकरा टॉवेल निघाले. विचारल्यावर आपण १० नोव्हेंबरला व्हॉट्सॲपवर लिहिलेत : “बॉयलर बंद आसा, म्हणून माल भायर दितां.” बॉयलर बंद पडणे समजू शकतो, पण ते आम्हाला चादरींवरचे पिवळे डाग पाहून कळावे, हे समजू शकत नाही. लोहाचा अंश असलेल्या बोअरच्या पाण्यात ब्लीच घातले की डाग पक्के बसतात, हे आम्ही आपल्याला सांगावे असे नाही. कोणाकडे, कोणत्या पाण्यात आमचा माल धुतला गेला, हे आजही आपण सांगितलेले नाही.

६. ६ व २७ ऑक्टोबरच्या ईमेलने आम्ही उशीर व तूट आपल्या नजरेस आणली होती. १२ नोव्हेंबरच्या बैठकीत तडजोडीचे जे बोलणे झाले, त्याचा आधार या नोटिशीत घेतलेला नाही.

७. वरील भंग एकेकटे व एकत्रितही कलम १४.२ च्या अर्थाने मूलभूत आहेत. ही नोटीस आज हाती पोचत असल्याने १५ दिवसांची मुदत २५ नोव्हेंबरपासून मोजली जाईल आणि ९ डिसेंबर २०२५ रोजी रात्री १२ वाजता संपेल. त्याआधी आपण
(क) हरवलेला माल वापरण्याजोग्या स्थितीत परत करावा, किंवा परत न केलेल्या नगांची परिशिष्टाच्या दराने होणारी रक्कम भरावी;
(ख) बाहेर दिलेला सर्व माल परत आणून, तो कोणाकडे होता ते लेखी कळवावे, आणि पुन्हा संमतीशिवाय देणार नाही अशी सहीनिशी हमी द्यावी;
(ग) ३० नोव्हेंबर ते ९ डिसेंबर सलग दहा दिवस २४ तासांची अट पाळावी.
नुसते आश्वासन, किंवा ‘बॉयलरचा पार्ट येतोय’ असा निरोप, ही दुरुस्ती धरली जाणार नाही. पार्ट यायला खरोखर वेळ लागणार असेल तर पर्यायी जागा आधी सुचवा. आम्ही ती पाहून दोन दिवसांत लेखी उत्तर देऊ.

८. वरील तिन्ही बाबींची पूर्तता मुदतीत न झाल्यास, आणखी कोणतीही नोटीस न देता, मुदत संपताच करार समाप्त होईल. आपण यापुढे काम करणार नाही असे त्याआधीच कळवल्यास मुदत संपेपर्यंत थांबण्यास आम्ही बांधील राहणार नाही.

९. समाप्तीनंतर तीन दिवसांत आमचा सर्व माल, धुतलेला असो वा न धुतलेला, आणि आमच्या १२ ट्रॉल्या दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर मोजून परत कराव्यात. बिल थकले या कारणाने माल अडवून ठेवता येणार नाही, कलम १०.१ मध्ये आपण तसे मान्य केले आहे. आपली रु. १,००,००० ची अनामत हिशोबानंतर कलम १०.३ प्रमाणे वळती किंवा परत केली जाईल.

१०. ऑक्टोबरचे रु. १,८६,४२० चे बिल ३ नोव्हेंबरला मिळाले. त्यातील रु. ४१,२०० वर (डागांमुळे नाकारलेला माल) आम्ही ८ नोव्हेंबरला लेखी हरकत घेतली आहे. उरलेले रु. १,४५,२२० दि. २ डिसेंबरला, म्हणजे तीस दिवसांच्या आत, आपल्या खात्यात जमा होतील. आपला व्यवसाय लहान आहे, पगार थांबू नयेत, म्हणून वादाबाहेरचा पैसा आम्ही अडवलेला नाही. मात्र या भरण्याचा अर्थ कामाबद्दल समाधान असा काढू नये.

११. हक्क राखून. मुदतीच्या काळात आम्ही माल दिला, घेतला किंवा उशीर सोसला, म्हणून कोणताही भंग माफ केला असे होत नाही. आजवर सोसलेल्या उशिराचेही तसेच. दुरुस्ती झाली तरी परिच्छेद ३ मधील रु. ६६,१४० सह आधी झालेल्या नुकसानीची मागणी कायम राहील. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलमे ७३, ७४ व ७५ खालील भरपाई, लवाद व समेट अधिनियम, १९९६ च्या कलम ९ खालील अंतरिम दिलासा, आणि करारातील पणजी येथील लवाद, हे सर्व मार्ग आम्ही राखून ठेवत आहोत. ही नोटीस म्हणजे लवाद सुरू करण्याची मागणी नव्हे; तशी वेळ आल्यास ती स्वतंत्रपणे करू. येथे न लिहिलेले भंग सोडून दिले असेही समजू नये.

१२. उत्तर लेखी द्यावे. चलने तपासायची असतील तर कामाच्या दिवशी सकाळी ११ ते १ या वेळेत आमच्या कार्यालयात यावे, मूळ प्रती समोर ठेवू.

उंडीबन कॉटेजेसकरिता,
विश्राम ना. कोरगावकर
भागीदार

सोबत : चलनांच्या ७१ प्रती, उशिराचा तारीखवार तक्ता, म्हापशाची बिले, १० नोव्हेंबरच्या संदेशाची छापील प्रत, डाग पडलेल्या चादरींची १४ छायाचित्रे.