रेझ्युमे: स्वाती दिलीप जाधव, प्रकल्प व्यवस्थापक (पाणीपुरवठा व मलनिस्सारण)

अर्जाचे पद: वरिष्ठ प्रकल्प व्यवस्थापक, पाणीपुरवठा प्रकल्प व्यवस्थापन कक्ष
वास्तव्य: पुणे
माहितीची तारीख: ३१ मार्च २०२५ अखेर
संपर्क: दूरध्वनी क्रमांक व ई-मेल पत्ता ऑनलाइन अर्जात नोंदवला आहे.

थोडक्यात परिचय

मी स्थापत्य अभियंता असून गेली सतरा वर्षे पाणीपुरवठा व मलनिस्सारणाच्या कामांत आहे. त्यांपैकी २०१३ पासूनची वर्षे मी प्रकल्पांचे नेतृत्व करण्यात घालवली आहेत. या काळात एकूण १४२.२५ कोटी रुपये करारमूल्याचे तीन प्रकल्प माझ्या जबाबदारीखाली पूर्ण होऊन हस्तांतरित झाले. ६२ कोटी रुपयांचा चौथा प्रकल्प सध्या चालू आहे. पूर्ण झालेल्या तिन्ही प्रकल्पांपैकी एकावरही विलंब दंड आकारला गेलेला नाही. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल (पीएमपी) हे प्रमाणपत्र माझ्याकडे २०१७ पासून असून ते आजही वैध आहे.

पुढील नोंदींत प्रत्येक प्रकल्पाची मूळ मुदत आणि मंजूर मुदतवाढ वेगळी दाखवली आहे. तसेच करारमूल्य आणि कंपनीने मंजूर केलेले खर्चाचे अंदाजपत्रकही वेगवेगळे दिले आहे. "प्रकल्प मुदतीत पूर्ण केला" या वाक्याला मूळ तारीख आणि प्रत्यक्ष तारीख शेजारी शेजारी असल्याशिवाय काही अर्थ राहत नाही, असे माझे ठाम मत आहे. नियोक्ते आणि ग्राहक यांची नावे करारातील गोपनीयतेच्या अटीमुळे येथे दिलेली नाहीत. पूर्णत्वाचे दाखले मुलाखतीच्या वेळी सादर करीन.

अनुभव

प्रकल्प व्यवस्थापक, पायाभूत सुविधा क्षेत्रातील खासगी कंपनी, पुणे (ऑगस्ट २०२१ पासून)

*प्रादेशिक नळ पाणीपुरवठा योजना, सांगली जिल्हा.* जलजीवन मिशनखालील ही योजना मूळ आराखड्यात २४ गावांची होती आणि तिचे करारमूल्य ८१.३० कोटी रुपये होते. काम चालू असताना ग्राहकाने आणखी ४ गावे समाविष्ट केल्याने करारमूल्य ८६.४० कोटी रुपये झाले. वाढीव कामासह खर्चाचे मंजूर अंदाजपत्रक ७४.८० कोटी रुपये होते, तर प्रत्यक्ष खर्च ७३.६५ कोटी रुपये झाला, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा सुमारे दीड टक्का कमी.

कार्यादेश १५ नोव्हेंबर २०२१ चा आणि मुदत ३० महिन्यांची, म्हणजे १४ मे २०२४ पर्यंत होती. मूळ २४ गावांना ६ मे २०२४ रोजी पाणी सुरू झाले, म्हणजेच मूळ काम मूळ मुदतीतच पूर्ण झाले. वाढीव ४ गावांसाठी तीन महिन्यांची मुदतवाढ मंजूर झाली होती. तेही काम १४ ऑगस्टच्या मुदतीआधी २ ऑगस्ट २०२४ रोजी संपले.

या योजनेत वेळापत्रकाचा कणा होता तो नदीपात्रातील ९ मीटर व्यासाच्या जॅकवेलचा. नदीतले काम पाणी उतरल्यावर साधारण डिसेंबरच्या मध्यात सुरू करता येते आणि मे महिना संपण्यापूर्वी ते पाण्याच्या पातळीवर आणावे लागते. एक हंगाम चुकला तर पुढचे सहा-सात महिने विहीर तशीच राहते आणि तिच्यामागे पंपगृह, रायझिंग मेन व चाचण्या अशी सगळी साखळी मागे पडते. म्हणून आधारभूत वेळापत्रक मी कार्यादेशाच्या तारखेपासून पुढे न मांडता ३१ मे २०२३ या तारखेपासून मागे मांडले. संकल्पचित्रांची मंजुरी, कटिंग एजचे पोलाद, मातीचा तात्पुरता बंधारा आणि उपसा पंप या प्रत्येकाची शेवटची तारीख त्यावरून ठरवली. स्टीनिंगचे काँक्रीट दीड-दीड मीटरच्या टप्प्यांत घेत विहीर उतरवली. अपेक्षेपेक्षा वर कठीण बेसॉल्ट लागल्यावर तिसरी पाळी सुरू करून १९ मे २०२३ रोजी पायाची पातळी गाठली. पावसाळ्यात काम थांबले नाही. त्या चार महिन्यांत गावांतील उंच जलकुंभ आणि वितरण वाहिन्यांची कामे पूर्ण करण्यात आली.

अंदाजपत्रकातील सर्वात मोठा भाग, सुमारे ४६ टक्के, वाहिन्यांचा होता. ४१ किलोमीटरच्या गुरुत्व वाहिनीसाठी आयएस ८३२९ प्रमाणे के-९ वर्गाचे डक्टाइल आयर्न पाइप लागणार होते. ते एकदम न मागवता खोदकामाच्या प्रत्यक्ष वेगाला जुळतील अशा तीन टप्प्यांत खरेदी केले, कारण आगाऊ खरेदीत पैसा अडकतो आणि रस्त्याकडेला पडलेल्या पाइपांचे अस्तरही खराब होते. प्रत्येक लॉटची त्रयस्थ संस्थेकडून कारखान्यातच तपासणी करून घेतली. जोडलेल्या प्रत्येक टप्प्याची हायड्रॉलिक चाचणी झाल्याशिवाय चर पूर्ण बुजवायचा नाही, हा नियम शेवटपर्यंत पाळला.

पथकात थेट माझ्या हाताखाली ११ अभियंते, २ सर्वेक्षक, १ सुरक्षा अधिकारी आणि ४ उपठेकेदार होते. कामाच्या ऐन भरात कामगारांची संख्या ३४० पर्यंत गेली. संपूर्ण काळात एकही प्राणघातक अपघात झाला नाही.

*मलनिस्सारण प्रक्रिया केंद्र, पुणे जिल्हा (चालू).* प्रतिदिन १८ दशलक्ष लिटर क्षमतेच्या या केंद्राचे करारमूल्य ६२ कोटी रुपये आणि मुदत २४ महिने असून कार्यादेश सप्टेंबर २०२४ चा आहे. मार्च २०२५ अखेर नियोजित प्रगती ३१ टक्के, तर प्रत्यक्ष प्रगती ३० टक्के आहे. म्हणजे वेळापत्रक निर्देशांक (एसपीआय) ०.९७ येतो. हा एक टक्का टाक्यांच्या पायाखालील भूजल उपशामुळे मागे पडला आहे. पाणी साठवणाऱ्या बांधकामांसाठीच्या आयएस ३३७० नुसार तळाच्या स्लॅबचे काँक्रीट चालू असून पावसाळ्यापूर्वी ते जमिनीच्या पातळीवर आणण्याचे नियोजन आहे. पथकात ९ अभियंते आणि सध्या सुमारे १६० कामगार आहेत.

उपप्रकल्प व्यवस्थापक व पुढे प्रकल्प व्यवस्थापक, बांधकाम कंपनी, कोल्हापूर (जून २०१६ ते जुलै २०२१)

*शहर पाणीपुरवठा योजना व १२ दशलक्ष लिटरचे जलशुद्धीकरण केंद्र, कोल्हापूर जिल्हा.* करारमूल्य ३८.६० कोटी रुपये. खर्चाचे अंदाजपत्रक ३३.२० कोटी रुपये. प्रत्यक्ष खर्च ३३.८६ कोटी रुपये. अंदाजपत्रकापेक्षा दोन टक्के जास्त झालेल्या खर्चाची कारणे दोन होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर गाळ व पाणी उपसावे लागले, आणि २०२० च्या टाळेबंदीत काम बंद असतानाही कामगारांच्या निवासाची व जेवणाची सोय कंपनीने चालू ठेवली. दुसऱ्या कारणावरील खर्चाची शिफारस मी स्वतः केली होती. त्यामुळे परवानगी मिळताच काम सुरू करण्याइतके मनुष्यबळ जागेवर होते.

कार्यादेश १ ऑक्टोबर २०१८ चा आणि मूळ मुदत १८ महिन्यांची, ३१ मार्च २०२० पर्यंत होती. पुरात बुडालेला वेळ दोन पाळ्यांत काम करून भरून काढला होता. २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी लागू झाली तेव्हा केवळ ४ टक्के काम, मुख्यतः पंपांची उभारणी व चाचणी, शिल्लक होते. सहा महिन्यांची मुदतवाढ दंडाशिवाय मिळाली आणि काम १८ सप्टेंबर २०२० रोजी पूर्ण झाले. पथक ७ अभियंते व कमाल १८० कामगारांचे होते.

सहायक प्रकल्प व्यवस्थापक (प्रकल्पप्रमुख म्हणून जबाबदारी), बांधकाम कंपनी, सातारा (२०१२ ते २०१६)

सातारा जिल्ह्यातील १४ उंच जलकुंभ आणि त्यांच्या वितरण वाहिन्या हे १७.२५ कोटी रुपयांचे काम एप्रिल २०१३ ते मार्च २०१५ या २४ महिन्यांच्या मुदतीत करायचे होते; ते फेब्रुवारी २०१५ मध्ये, एक महिना आधी, पूर्ण झाले. चौदा जलकुंभांसाठी साचाबंदीचे चारच संच घेऊन ते ठरावीक क्रमाने फिरवले, हे खर्च आणि वेळ दोन्ही आटोक्यात राहण्याचे मुख्य कारण होते. पथकात ५ अभियंते होते.

साइट अभियंता (२००८ ते २०१२)

वाहिन्या व जलकुंभांची कामे, मोजमाप पुस्तिका लिहिणे आणि देयके तयार करणे ही या काळातील जबाबदारी होती.

प्रमाणपत्रे व शिक्षण

पीएमपी प्रमाणपत्र मी नोव्हेंबर २०१७ मध्ये, ३५ तासांचे औपचारिक प्रशिक्षण पूर्ण करून व परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळवले. दर तीन वर्षांनी व्यावसायिक विकासाचे ६० गुण नोंदवून ते नूतनीकृत करावे लागते. त्याप्रमाणे २०२० आणि २०२३ मध्ये नूतनीकरण झाले असून प्रमाणपत्राची वैधता नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे. प्रायमाव्हेरा पी६ आणि मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या दोन्ही प्रणालींवर मी स्वतः वेळापत्रक तयार करते व अद्ययावत ठेवते.

स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी शिवाजी विद्यापीठातून २००८ मध्ये प्रथम श्रेणीत मिळवली.

कामाची पद्धत

आधारभूत वेळापत्रक ग्राहकाच्या सहीने एकदा गोठवल्यानंतर मी ते बदलत नाही. सुधारित वेळापत्रक स्वतंत्र ठेवून दोन्हींतील फरक दर महिन्याच्या अहवालात दाखवते. दर सोमवारी साइट अभियंते आणि उपठेकेदार यांच्यासह पुढील तीन आठवड्यांच्या कामांची बैठक होते. तीत प्रत्येक कामापुढे साहित्य, रेखाचित्र, परवानगी आणि मनुष्यबळ या चार बाबी उपलब्ध आहेत का, एवढेच तपासले जाते. काम अडते ते बहुधा या चारांपैकी एकापाशी, आणि तीन आठवडे आधी कळले तर सोडवता येते. खर्चाच्या बाबतीत अर्न्ड व्हॅल्यू पद्धतीने दरमहा आढावा घेते आणि देयक ग्राहकाकडे जाण्यापूर्वी मोजमापांची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करते.

प्रत्येक प्रकल्पावर पात्र कामगारांची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून देण्यासाठी एका कर्मचाऱ्याला जबाबदारी दिलेली असते. त्यासाठी लागणारा ९० दिवसांच्या कामाचा दाखला वेळेत मिळणे हा कामगाराचा हक्क आहे, असे मी मानते. सांगलीच्या कामावर बहुतेक जोड्या पती-पत्नींच्या असल्यामुळे मुख्य छावणीत पाळणाघर चालवले होते.

इतर माहिती

मराठी, हिंदी आणि इंग्रजी या भाषांत लेखन व संभाषण उत्तम आहे. कन्नड कामापुरती बोलता येते. सध्याच्या नियोक्त्याकडे सूचनेचा कालावधी ६० दिवसांचा असून महाराष्ट्रात कोठेही साइटवर राहून काम करण्याची तयारी आहे. मागील दोन प्रकल्पांच्या ग्राहक अभियंत्यांनी संदर्भ देण्यास संमती दिली आहे.

वर दिलेली सर्व माहिती माझ्या माहितीनुसार खरी असून तिच्या पुष्ट्यर्थ कार्यादेश, मुदतवाढीचे आदेश, पूर्णत्वाचे दाखले आणि प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती माझ्याकडे उपलब्ध आहेत.

स्थळ: पुणे
स्वाती दिलीप जाधव