विषय: प्रकल्पाच्या तीन कच्च्या कल्पना

नमस्कार मॅडम,

प्रकल्पासाठी तीन कल्पना आहेत, तिन्ही अजून कच्च्या. हिंदमाताला पाणी तुंबतं त्यात पावसाचा वाटा किती आणि भरतीचा किती, हे तासागणिक नोंदींवरून वेगळं काढता येईल का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, कुलाब्याला शंभरही नाही. म्हणजे एका केंद्राच्या आकड्यांवर भागणार नाही.

दुसरी, उपग्रहचित्रांवरून मिठी नदीचं आक्रसलेलं पात्र मोजणं. यावर बरंच काम झालंय. तिसरी, ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंची; तिचा मोह आहेच, पण पावसाळी सत्रात ते सापडायचे कुठे?

माझा कल पहिलीकडे आहे. पाणी किती वेळ साचलं याच्या नोंदी मिळतील ना, एवढीच धास्ती. तुम्हाला कुठली पुढे न्यावीशी वाटते? गुरुवारी लेक्चरनंतर भेटू का?

आपली,
मृणाल